एलए शाबूत, ट्रान्सफॉर्मर गेला: ३० की ३६ केव्ही हा प्रश्न नाही

प्रश्न: मी शिरपूर भागातल्या एका सूतगिरणीत मेंटेनन्सला आहे. आमच्या यार्डात ३३/११ केव्ही, ५ एमव्हीए ट्रान्सफॉर्मर आहे. मे महिन्यातल्या वादळात वीज कडाडली आणि बुखोल्झ रिलेवर ट्रिप झाला, ३३ च्या बाजूचं म्हणजे एचटी वाइंडिंग गेलं. लाइन उतरते त्या गॅन्ट्रीवरचे तिन्ही एलए, म्हणजे लाइटनिंग अरेस्टर, मात्र तपासणीत चांगले निघाले, एकाचा लाटा मोजणारा काउंटरही पुढे सरकलाय. एलए ३० केव्ही, १० केए आहेत. मॅनेजर म्हणतात, आता ३६ केव्हीचे दणकट एलए बसवा. बसवू का?

उत्तर:

भाऊ, इतक्यात बसवू नका. आधी टेप घ्या आणि गॅन्ट्रीवरच्या एलएपासून ट्रान्सफॉर्मरच्या एचटी बुशिंगपर्यंतचं अंतर कंडक्टरच्या वाटेने मोजा. ते पंधरा-वीस मीटरच्या पुढे भरलं तर एलए चांगला असूनही ट्रान्सफॉर्मर का गेला, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल. उरलेलं निम्मं बहुधा जमिनीत, अर्थिंगच्या पट्टीत असेल.

काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातल्या एका खाजगी यार्डात मला हेच प्रकरण पाहायला मिळालं. ट्रान्सफॉर्मर तुमच्यासारखाच होता. रोहिणी नक्षत्रातलं वादळ होतं, आजूबाजूच्या केळीच्या बागा आडव्या झालेल्या. मी पोचलो तेव्हा तिथला वायरमन काउंटरकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, यलए तं चांगला शे, मंग ट्रान्सफार्मर काबर गया?" त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्यातल्या बऱ्याच इंजिनिअरांना तो पडतच नाही, कारण एलए म्हणजे यार्डावर धरलेली छत्री असं आपण मनात धरून चालतो.

एलए छत्री नसतो. वीज पडून लाइनवर आलेली लाट एलएतल्या झिंक ऑक्साइडच्या ब्लॉकमधून जमिनीत जाते तेव्हा एलएच्या दोन टोकांमध्ये काही व्होल्टेज उरतं. त्याला आपण रेसिड्युअल व्होल्टेज म्हणतो. एलएची हमी एवढीच: माझ्या दोन टोकांमध्ये यापेक्षा जास्त चढू देणार नाही. वीस-पंचवीस मीटर पलीकडे काय होतं, त्याबद्दल त्याने काहीच कबूल केलेलं नसतं.

आधी मॅनेजरसाहेबांचा ३६ चा मुद्दा घेऊ. एलएवर लिहिलेला ३० केव्ही हा आकडा ताकदीचा नाही, सहनशक्तीचा आहे. पॉवर फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे आपलं नेहमीचं ५० हर्ट्झचं व्होल्टेज तात्पुरतं वाढलं तर एलए साधारण दहा सेकंद ते सोसून पुन्हा शांत होऊ शकतो, असा त्या आकड्याचा अर्थ. ३३ केव्ही सिस्टिमचं कमाल व्होल्टेज ३६ धरतात. फेज ते अर्थ म्हणजे ३६ भागिले १.७३२, सुमारे २०.८ केव्ही. हे एलएवर चोवीस तास असतं. ३० केव्हीच्या एलएची सततची मर्यादा साधारण २४ केव्ही असते, म्हणजे इथे अडचण नाही.

खरी परीक्षा एका फेजला अर्थ फॉल्ट होतो तेव्हा. बाकीच्या दोन फेजचं अर्थच्या तुलनेतलं व्होल्टेज चढतं. किती चढतं ते सोर्सचा न्यूट्रल कसा अर्थ केलाय त्यावर ठरतं. तुमची ३३ केव्ही लाइन ज्या मोठ्या सबस्टेशनमधून येते तिथल्या ट्रान्सफॉर्मरचा ३३ बाजूचा न्यूट्रल थेट, नीट अर्थ केलेला असेल, तर चांगल्या फेजवरचं व्होल्टेज लाइन व्होल्टेजच्या ८० टक्क्यांपुढे जात नाही. ३६ चे ८० टक्के म्हणजे २८.८. त्याच्या वरचा प्रचलित आकडा ३०. आपल्याकडे ३३ केव्हीला ३० केव्हीचा एलए लावतात तो या हिशेबाने.

न्यूट्रल अर्थ नसेल तर हा हिशेब कोसळतो. मग चांगल्या फेजवर पूर्ण ३६ केव्ही येऊ शकतं. ३० चा एलए तेवढं फार वेळ सोसत नाही, तापतो आणि फुटतो. तुमच्याकडे एक गोष्ट जरूर तपासा. गिरणीचा टर्बाइन किंवा मोठा सोलर प्लांट ११ च्या बाजूने जोडलेला आहे का? तुमचा ट्रान्सफॉर्मर एचटीला डेल्टा असणार, म्हणजे त्या बाजूला अर्थ करायला न्यूट्रलच नाही. लाइनवर अर्थ फॉल्ट झाला, पलीकडचा ब्रेकर आधी उघडला आणि तुमच्या बाजूने वीज मागे जात राहिली, तर तेवढ्या वेळापुरती ३३ केव्ही लाइन अर्थशिवाय लोंबकळते. असा धोका असेल तर ३६ चा विचार करणं योग्य आहे. तोही फॉल्ट किती सेकंदांत तुटतो ते पाहून, आणि एलए बनवणाऱ्याच्या वेळ-व्होल्टेजच्या वक्रावर ताडून. फॉल्ट मिनिटांनी मोजावा लागत असेल तर ३६ सुद्धा अपुरा पडेल.

आता ३६ ची किंमत काय ती बघा. रेटिंग वाढवायचं म्हणजे आत ब्लॉक वाढवायचे, आणि ब्लॉक वाढले की रेसिड्युअलही त्याच प्रमाणात वाढतं. यावलच्या एलएच्या टेस्ट सर्टिफिकेटवर १० केए करंटला ९० केव्ही रेसिड्युअल लिहिलेलं होतं. त्याच बनावटीचा ३६ चा एलए घेतला तर सुमारे १०८. म्हणजे दणकट एलए ट्रान्सफॉर्मरवर जास्त व्होल्टेज येऊ देतो. "मोठा आकडा, मोठं संरक्षण" हा समज इथे नेमका उलटा पडतो. दोर जितका जाड तितका बरा, तशी ही निवड नाही. फॉल्टचं व्होल्टेज सोसेल इतकं रेटिंग घ्यायचं, आणि त्यापुढे एक पायरीही चढायची नाही.

आता ट्रान्सफॉर्मरची बाजू. ३३ केव्ही वाइंडिंगचा बीआयएल, म्हणजे विजेच्या लाटेला तोंड देण्याची कारखान्यात तपासलेली पातळी, १७० केव्ही पीक. नेमप्लेटवर बघून घ्या. कागदावर लावलेला हिशेब असा दिसतो: बीआयएल १७०, एलएचं रेसिड्युअल ९०, फरक ८० केव्ही. ९० च्या मानाने तो जवळपास ८९ टक्के मार्जिन. लोक २० टक्के मागतात, आपल्याकडे चौपटीहून जास्त आहे, फाइल बंद. यावलच्या यार्डाच्या ड्रॉइंगवरही हेच गणित होतं आणि त्यावर सही-शिक्का होता. आकडे खोटे नव्हते. फक्त एलए आणि ट्रान्सफॉर्मर एकाच बिंदूवर आहेत असं त्यात गृहीत धरलेलं होतं.

प्रत्यक्षात एलए येणाऱ्या लाइनच्या गॅन्ट्रीवर होते. मग एबी स्विच, सीटी, व्हीसीबी म्हणजे ब्रेकर, आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर. जंपरच्या वळणांसकट अंतर भरलं २४ मीटर.

लाट लाइनवरून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येते, मायक्रोसेकंदाला ३०० मीटर. ती एलए ओलांडून पुढे जाते आणि ट्रान्सफॉर्मरला धडकते. इतक्या वेगवान लाटेला ट्रान्सफॉर्मर म्हणजे जवळजवळ बंद गल्लीचं टोक. लाट तिथून उलटते आणि स्वतःवरच चढते, म्हणून तिथलं व्होल्टेज दुप्पट वेगाने वाढतं. एलएने आपलं काम सुरू केलं तरी "आता उतर" हा निरोप ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचायला तेवढाच रस्ता परत कापावा लागतो. दरम्यान इकडे व्होल्टेज चढतच असतं. ते किती चढेल याचं जुनं, साधं सूत्र असं:

```
U_T = U_res + (2 × S × L) / v
```

यात S म्हणजे लाट किती उभी आहे, मायक्रोसेकंदाला किती केव्ही चढते ते. L म्हणजे अंतर आणि v म्हणजे ३००. S साठी मी ५०० धरतो. जवळच्या खांबावर पडलेल्या विजेसाठी हे फार कडक गृहीतक नाही. मग २ गुणिले ५०० गुणिले २४ भागिले ३०० म्हणजे ८० केव्ही. ९० अधिक ८० म्हणजे १७०.

बीआयएलही १७०. आणि वाइंडिंग काही कारखान्यातून आजच बाहेर पडलेलं नव्हतं. कागद आणि तेल जुनं होतं, दोन-चार शॉर्ट सर्किटचे धक्के खाल्लेले. म्हणून आतल्या इन्सुलेशनसाठी १.१५ चा भागाकार करण्याची पद्धत आहे. १७० भागिले १.१५ म्हणजे सुमारे १४८. ही खरी भिंत. एलए आपलं ९० चं वचन काटेकोर पाळत असताना ट्रान्सफॉर्मर १७० ला सामोरा गेला.

तुम्ही विचाराल, मग आधीच्या पावसाळ्यांत तो कसा वाचला? दूर, दोन-चार किलोमीटरवर पडलेल्या विजेची लाट वाटेत कोरोनामुळे झिजते, तिचा उभा कडा आडवा होतो आणि S खूप कमी होतो. तेव्हा २४ मीटर अंतरही चालून जातं. यार्डापासून शंभर-दोनशे मीटरवर वीज पडली तरच कडा उभा राहतो. ते रोज घडत नाही. म्हणून चुकीची जागा वर्षानुवर्षं बरोबर वाटते.

आता जमिनीखालचं. यावलला एलएची जीआय पट्टी गॅन्ट्रीच्या पायाशी स्वतःच्या खड्ड्यात उतरत होती. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीचे खड्डे वेगळे. दोन्ही अर्थ जमिनीखालच्या पट्ट्यांच्या जाळीने, म्हणजे मॅटने, जोडलेले आहेत असं ड्रॉइंग सांगत होतं. आम्ही उकरलं तेव्हा मॅटकडे जाणाऱ्या पट्टीचा वेल्ड गंजून सुटलेला निघाला. वाइंडिंगवर येणारा ताण मोजायचा असतो तो बुशिंग आणि टाकी यांच्यामध्ये. एलएचा अर्थ आणि टाकीचा अर्थ सुटे असले तर एलएच्या खड्ड्यावर चढलेलं व्होल्टेजही त्या ताणात मिळतं. खड्ड्याचा रेझिस्टन्स ४ ओहम, आणि त्यातून ५ केए जरी गेला तरी २० केव्ही. दोन्ही जाड पट्टीने एकमेकांना बांधलेले असले तर सगळं यार्डच मिळून वर उचललं जातं आणि वाइंडिंगला त्या २० चा पत्ताही लागत नाही. म्हणून खड्ड्याचा ओहम कमी करण्याआधी मी ही जोडणी पाहतो.

तापीकाठच्या काळ्या मातीची एक खोड सांगतो. ओली असताना तिच्याइतकी चांगली अर्थिंग नाही. उन्हाळ्यात मात्र ती आकसते, भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडभोवती माती सुटते. आपल्याकडे विजा नेमक्या त्याच दिवसांत, पहिल्या वळवाला कोसळतात. रेझिस्टन्सचं रीडिंग ऑगस्टमध्ये घेऊन रजिस्टरला लिहिलंत तर ते तुम्हाला फसवेल. एप्रिल-मेमध्ये घ्या.

जंपर आणि खालच्या पट्टीची लांबीही धरावी लागते. तार सरळ दिसली तरी लाटेला ती कॉइल वाटते, मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री. करंट मायक्रोसेकंदाला ५ केए या वेगाने चढला तर प्रत्येक मीटरवर ५ केव्ही पडतं, आणि ते रेसिड्युअलच्या वर चढतं. एलएच्या माथ्यावर जंपरचा सुबक गोल वेटोळा करून ठेवणारे वायरमन मी पाहिलेत. दिसतो छान, पण तो काढून टाका.

यावलला आम्ही काय केलं? नव्या ट्रान्सफॉर्मरच्या एचटी बुशिंगपासून ३ मीटरवर स्ट्रक्चर उभारून एलएचा दुसरा संच बसवला. तोच ३० केव्ही, १० केए स्टेशन क्लास. एलएच्या बुडापासून टाकीच्या अर्थ बोल्टपर्यंत थेट जाड पट्टी, आणि तिथूनच मॅटला. वर-खाली मिळून हिशेबात धरायची तार सुमारे २ मीटर. आता गणित पुन्हा करा. रेसिड्युअल ९०, अंतराचे १०, तारेचे १०, एकूण ११०. भिंत १४८. हे मार्जिन खरं.

आणि गंमत बघा, याच जागी ३६ चा एलए असता तर १०८, १० आणि १० मिळून १२८ झाले असते. तेही १४८ च्या आत. उलट २४ मीटरवर ३६ चा बसवला असता तर १८८. म्हणजे ३० की ३६ यावर जितका वाद घालाल त्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर वाचणं-न वाचणं एलएच्या जागेवर जास्त ठरतं. मागून वीज येण्यामुळे तुम्हाला ३६ घ्यावाच लागला, तर तो बुशिंगजवळ घ्या.

गॅन्ट्रीवरचे जुने एलए काढू नका. व्हीसीबी उघडा असताना लाइनवरून लाट आली तर तिला ट्रान्सफॉर्मरजवळचा एलए दिसतच नाही. उघड्या ब्रेकरच्या टोकावर ती दुप्पट होते. तिथे गॅन्ट्रीवरचा संचच कामाला येतो.

११ च्या बाजूला याच पद्धतीने पाहा. तिथे बीआयएल ७५ केव्ही पीक आणि प्रचलित एलए ९ केव्हीचा. तुमचे ११ चे फीडर केबलने गिरणीतच फिरत असतील तर धोका कमी. शेतातून ओव्हरहेड जात असतील तर तिकडूनही लाट येते, आणि एलटी बुशिंगजवळ एलए हवाच. तिथेही न्यूट्रल कसा अर्थ केलाय ते पाहूनच ९ ठरवायचा.

तुमच्या ट्रान्सफॉर्मरचं निदान असंच आहे का, हे कसं ओळखायचं ते सांगतो. यावलला मेगरने इन्सुलेशन तपासलं तर एचटी ते टाकी रीडिंग चांगलं आलं, आणि दोन तास सगळे बुचकळ्यात होते. रेशो टेस्टला एक फेज वेगळा निघाला, कमी व्होल्टेजवर मॅग्नेटायझिंग करंटही त्याच फेजला फुगलेला. तेलाच्या गॅस तपासणीत ॲसिटिलीन भरपूर. वाइंडिंग उपसल्यावर लाइनच्या टोकाच्या वरच्या दोन डिस्कमध्ये वेढे एकमेकांत जळालेले दिसले, खालचं सगळं स्वच्छ. ही उभ्या लाटेची खूण. तिचा ताण सगळ्या वाइंडिंगवर सारखा वाटला जात नाही, पहिल्या काही वेढ्यांवरच एकवटतो. टाकीपर्यंत कागद शाबूत म्हणून मेगर चांगला. तुमच्याकडे मात्र बिघाड मधल्या किंवा खालच्या डिस्कमध्ये असेल, किंवा वाइंडिंग वेडंवाकडं सरकलेलं असेल, तर विजेला दोष देऊ नका. ते शॉर्ट सर्किटच्या धक्क्याचं काम असण्याची शक्यता जास्त. दुरुस्ती करणाऱ्याला सांगून ठेवा, कॉइल भंगारात टाकण्याआधी फोटो काढून घ्या.

काउंटरवरही फार विसंबू नका. तो पुढे सरकला म्हणजे करंट गेला, एवढंच. आणि सरकला नाही म्हणजे गेला नाही, असंही नाही. एलएचं बूड इन्सुलेटिंग बेसवर बसवलेलं नसेल किंवा बेसच्या बोल्टातून स्ट्रक्चरला सरळ वाट मिळत असेल, तर करंट काउंटरला वगळून निघून जातो. तुमच्या तीनपैकी एकच काउंटर पुढे गेलाय म्हणता. त्या बाकी दोघांचे बेस बघा. जो सरकलाय तो आणि जळालेला फेज एकच आहे का, तेही ताडा.

एलए "चांगला" ठरवला तो मेगरवर असेल, तर तेवढं पुरत नाही. लाइन चालू असताना लिकेज करंट, त्यातला रेझिस्टिव्ह भाग, तिन्ही फेजचा आपसांत आणि मागच्या रीडिंगशी जुळवून पाहायचा. एखादा बाकी दोघांपेक्षा वेगळा चालत असेल तर आत ओल शिरल्याचा संशय घ्या. आणि खरेदी विभागाला लेखी द्या, की १० केए स्टेशन क्लासच हवा. ५ केएचा डिस्ट्रिब्यूशनचा एलए स्वस्त म्हणून घेतला, तर त्याच्या सर्टिफिकेटवरचं रेसिड्युअल ५ केएला मोजलेलं असतं. ते १० केएच्या आकड्याशेजारी ठेवून "हा तर अधिक चांगला" म्हणणारे मी पाहिले आहेत.

एक मर्यादाही ध्यानात असू द्या. हे सगळं लाइनवरून येणाऱ्या लाटेपुरतं आहे. वीज थेट यार्डातल्या बसवर किंवा लाइनच्या शेवटच्या एक-दोन खांबांवर पडली, तर S कितीही मोठा होऊ शकतो आणि ३ मीटरवरचा एलएही कमी पडू शकतो. त्यासाठी यार्डावर लाइटनिंग मास्ट किंवा अर्थ वायर, आणि येणाऱ्या लाइनच्या शेवटच्या किलोमीटरभर वरून अर्थ वायर लागते. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला खांब मुरमात उभे असतील तर त्या खांबांचा अर्थही बघा. मुरमात रेझिस्टन्स जास्त भरतो, आणि अर्थ वायरवर पडलेली वीज खांबावरून उलटी उडी मारून फेजवर येऊ शकते.

तेव्हा आधी एवढं कळवा: एलए ते बुशिंग किती मीटर, एलएच्या सर्टिफिकेटवर १० केएला रेसिड्युअल किती, एलएच्या बुडापासून टाकीच्या बोल्टपर्यंत पट्टी सलग आहे का, आणि ११ च्या बाजूने वीज मागे जायची काही सोय आहे का. दुरुस्त ट्रान्सफॉर्मर परत येईपर्यंत नव्या स्ट्रक्चरचं फाउंडेशन भरून होईल. जागा ठरवताना रेडिएटर उघडायला आणि बुशिंग काढायला क्रेन कुठून येणार ते पाहूनच खुणा करा. यावलला आम्ही ते विसरलो होतो आणि एक फाउंडेशन पुन्हा फोडावं लागलं.